केला की झाला? चॅटमधल्या आपोआप येणाऱ्या सूचना मराठीत आणताना

चॅट अ‍ॅपमध्ये काही वाक्यं कोणीच लिहिलेली नसतात. मेसेज डिलीट झाल्यावर त्याच्या जागी दिसणारी ओळ, फॉरवर्डच्या बाणाशेजारचे दोन-तीन शब्द, नवीन चॅट उघडल्यावर वर येणारी कुलपाची पट्टी, ही सगळी वाक्यं अ‍ॅप स्वतः बोलतं. एखाद्या मुक्तस्रोत चॅट अ‍ॅपचं मराठी भाषांतर करायला तुम्ही नव्याने बसणार असाल तर याच ओळी आधी हातात घ्या. संख्येने त्या थोड्या असतात, पण चुकल्या तर माणसं एकमेकांवर संशय घेतात किंवा नको तिथे विश्वास ठेवतात.

मी सोलापुरात राहतो. इथे एकाच गल्लीत घरात तेलुगू, कन्नड, दखनी किंवा मराठी बोलणारी माणसं असतात आणि फोनची भाषा अनेकांनी मराठी ठेवलेली असते, कारण शाळा मराठीतून झाली. भाषांतराची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. माझी वाक्यं मी तिघांना वाचून दाखवतो. एक शेजारच्या मावशी, घरी तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळतात, सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकल्या. दुसरे नवी पेठेतले चादरींचे एक दुकानदार. तिसरी कॉलेजला जाणारी माझी भाची. पुढे त्यांचा उल्लेख येईल.

आधी घटना पाहा, मग वाक्य

भाषांतराच्या फाइलमध्ये तुम्हाला सुटी वाक्यं दिसतात, साधारण अशी:

```xml
<string name="deleted">This message was deleted</string>
<string name="deleted_you">You deleted this message</string>
<string name="deleted_by">%1$s deleted this message</string>
```

लगेच टाइप करायला घेऊ नका. दोन फोन घ्या, किंवा घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या, आणि ती घटना प्रत्यक्ष घडवून आणा. एकावरून मेसेज पाठवा, डिलीट करा, दुसऱ्यावर काय दिसतं ते पाहा. मग ग्रुपमध्ये तेच करा. मग चॅटच्या यादीत, म्हणजे मेसेज न उघडता, ती ओळ कशी दिसते ते पाहा. प्रत्येक ठिकाणी एका कागदावर दोनच गोष्टी लिहा: हे कोणी केलं, आणि अ‍ॅपला ते नक्की माहीत आहे का? पुढचं सगळं भाषांतर या दोन उत्तरांवर उभं आहे.

इंग्रजी वाक्य कर्ता लपवू शकतं आणि तरीही ते साधं वाटतं. मराठीत मात्र क्रियापद निवडलं की कर्त्याबद्दल काहीतरी बोलल्यासारखं होतंच. पहिल्या ओळीसाठी माझ्या वहीत पाच पर्याय होते.

"हा मेसेज डिलीट झाला." बोलताना सहज येतं, पण "झाला" म्हटलं की ते आपोआप घडलं असं वाटतं. मावशी म्हणाल्या, "फोन भरला असेल, म्हणून गेला असेल." कोणीतरी मुद्दाम काढलाय हा मूळ अर्थच हरवला.

"हा मेसेज डिलीट केला गेला." व्याकरणाला बाध नाही, पण आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. हिंदीची सावली लगेच जाणवते.

"हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे." अर्थ अगदी बरोबर: मुद्दाम केलं, कोणी ते सांगितलेलं नाही. फक्त लांब आहे, आणि सूर महापालिकेच्या नोटिशीचा.

"पाठवणाऱ्याने हा मेसेज डिलीट केला." भाचीला हे सर्वात आवडलं, कारण सगळं स्पष्ट होतं. पण ज्या अ‍ॅपमध्ये ग्रुपचा ॲडमिनही दुसऱ्याचा मेसेज काढू शकतो तिथे हे वाक्य कधीकधी खोटं ठरेल. व्हॉट्सॲपने ॲडमिनला हा अधिकार 2022 मध्ये दिला. तुमच्या अ‍ॅपमध्ये ॲडमिनसाठी वेगळी ओळ आहे का ते तपासा. नसेल तर पाठवणाऱ्याचं नाव घेऊ नका. शिवाय पाठवणारी बाई असेल तर "पाठवणाऱ्याने" खटकतं ते वेगळंच.

"हा मेसेज डिलीट केला आहे." मी हे ठेवलं. "केला" मुळे कोणीतरी केलंय हे कळतं आणि "आहे" मुळे आत्ताची स्थिती कळते. कर्ता नाही, पण मेसेजचा फुगा ज्याच्या बाजूला आहे त्यावरून तो समजतो. चॅटच्या यादीत फुगा नसतो, तिथे मात्र "कोणी, मी?" असा प्रश्न दुकानदारांनी विचारला. म्हणून जोडीच्या दुसऱ्या ओळीत "तुम्ही" कधीही गाळायचं नाही: "तुम्ही हा मेसेज डिलीट केला आहे". एकात "तुम्ही" नेहमी असेल तर दुसऱ्यात ते नसण्यालाही अर्थ येतो.

एक मोह इथे टाळा. "मेसेज मागे घेतला" हे ऐकायला फार छान मराठी आहे. पण विधान मागे घेणं म्हणजे ते चुकलं असं मान्य करणं. शुद्धलेखनाची चूक दिसली म्हणून मेसेज काढणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण माफी घालतो. शिवाय तो कोणी आधीच वाचला असेल तर मागे काहीच आलेलं नसतं.

नावाच्या जागी काय काय येऊ शकतं

तिसऱ्या ओळीतलं `%1$s` म्हणजे नावाची रिकामी जागा. नवख्यांच्या सर्वात जास्त चुका इथे होतात. पहिली चूक कीबोर्डची: मराठी कीबोर्ड चालू असताना `%1$s` हाताने टाइप केलं की त्यातला 1 देवनागरी होतो, `%१$s` असा. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण अ‍ॅपला ती खूण ओळखता येत नाही आणि ती सूचना दाखवताना ते बंद पडू शकतं. ही खूण नेहमी मूळ ओळीतून उचलून चिकटवा.

दुसरी अडचण भाषेची आहे आणि ती जास्त रंजक आहे. मराठीत विभक्तीचा प्रत्यय नावाला चिकटतो: रमेशने, मामांनी, सुनीताने. पण त्या जागी येतं ते लोकांनी फोनमध्ये जे साठवलंय ते. "Papa New", "गॅसवाला अशोक चौक", नाहीतर नुसता दहा आकडी नंबर. `%1$sने` लिहिलं की "Papa Newने" असं काहीतरी पडद्यावर उमटतं. उपाय सोपा आहे, एक जागा सोडून "यांनी" लिहा:

```xml
<string name="deleted_by">%1$s यांनी हा मेसेज डिलीट केला आहे</string>
```

"यांनी" बाईला चालतं, पुरुषाला चालतं, नंबरलाही चालतं. "बंटी यांनी" हे थोडं अवघडलेलं वाटतं हे मला मान्य आहे. पण त्याच जागी उद्या मुख्याध्यापिकांचं नाव येणार आहे, आणि "बंटी यांनी" कोणाला दुखावत नाही.

शाळेत पाठ केलेले प्रयोग इथे खरोखर कामाला येतात. वरच्या वाक्यात कर्मणी प्रयोग आहे. "केला" हे क्रियापद मेसेजच्या लिंगावर चालतं, डिलीट करणाऱ्याच्या नाही, म्हणून डिलीट करणारी बाई असो वा बुवा, वाक्य तसंच राहतं. अडचण येते ती कर्तरी प्रयोगात. ग्रुपमधून कोणी बाहेर पडल्याची ओळ "%1$s बाहेर पडला" अशी लिहिली की निम्म्या लोकांचं लिंग चुकतं. ती कर्मणीत वळवा: "%1$s यांनी ग्रुप सोडला". कोणी कोणाला काढलं असेल तर भावे प्रयोग आयताच मिळतो: "%1$s यांनी %2$s यांना ग्रुपमधून काढले". इथे क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही. अशा ओळींत दोन्ही खुणांचे आकडे नीट पाहा. ते उलटे लागले तर काढणारा आणि निघालेला यांची अदलाबदल होते, आणि अ‍ॅप बंद पडत नाही म्हणून ती चूक महिनोन्‌महिने तशीच राहते.

कर्मणीचीही एक मर्यादा आहे. मूळ ओळ `This %1$s was deleted` अशी असेल आणि त्या जागी फोटो, फाइल, चॅट असे शब्द येणार असतील तर मराठीत ती एका वाक्यात बसवता येत नाही, कारण फोटो डिलीट केला, फाइल डिलीट केली आणि चॅट डिलीट केलं. तडजोड करू नका. अ‍ॅप बनवणाऱ्यांना लिहून प्रत्येक प्रकारासाठी वेगळी ओळ मागा आणि सोबत ही तीन उदाहरणं द्या, म्हणजे मराठी न येणाऱ्यालाही मुद्दा दिसतो. अनेकवचनाच्या ओळींना मात्र बहुतेक वेळा सोय असते:

```xml
<item quantity="one">%1$d मेसेज डिलीट केला आहे</item>
<item quantity="other">%1$d मेसेज डिलीट केले आहेत</item>
```

"मेसेज" हा शब्द दोन्हीकडे सारखाच राहतो, बदलतं ते क्रियापद. हे लक्षात न आल्याने दोन्ही ओळींत एकच वाक्य चिकटवलेलं मी कितीतरी वेळा दुरुस्त केलंय.

सूचनेच्या आधी जे बटण दाबलं जातं त्याचंही इथेच सांगतो. मूळ बटणं असतात `Delete for me` आणि `Delete for everyone`. "माझ्यासाठी डिलीट करा" म्हणजे मराठीत माझ्याखातर, माझ्यावर उपकार म्हणून. "सगळ्यांकडून डिलीट करा" म्हणजे सगळ्यांना कामाला लावा. मी "फक्त माझ्याकडचा डिलीट करा" आणि "सगळ्यांकडचा डिलीट करा" असं लिहितो. एका वेळी अनेक मेसेज निवडता येत असतील तर "माझ्याकडचे", "सगळ्यांकडचे" यासाठी वेगळी ओळ हवी.

फॉरवर्डचे दोन बाण

व्हॉट्सॲपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर खूण लावायला 2018 मध्ये सुरुवात केली. दोन बाणांची, अनेकदा फॉरवर्ड झाल्याची खूण 2019 मध्ये आली. दोन बाण कधी लागतात हे कळल्याशिवाय त्या शब्दांना हात लावू नका. मूळ पाठवणाऱ्यापासून तो मेसेज पाच किंवा अधिक टप्पे ओलांडून आला, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मैत्रिणीने तो कितीजणांना पाठवला हे ती खूण सांगत नाही. साखळी किती लांब आहे हे सांगते.

सोलापुरात पाणी काही दिवसांच्या पाळीने येतं, त्यामुळे "उद्याची पाळी रद्द" अशा मेसेजना पाय फुटायला वेळ लागत नाही. असाच एक मेसेज मावशींच्या फोनवर दोन बाणांसकट होता आणि त्याखाली माझा पहिला मसुदा होता: "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला". मावशींनी वाचलं आणि म्हणाल्या, "ही बाई सारखी सारखी हेच पाठवते काय?" पाठवणारी त्यांची नणंद होती. तिने तो एकदाच पाठवला होता.

दोष "केलेला" या शब्दाचा होता. त्याने कर्ता शोधायला लावला आणि समोर नणंदच दिसत होती. डिलीटच्या ओळीत मी "झाला" नाकारलं, कारण तिथे करणारा कोणीतरी एक होता. इथे एक कर्ता नाहीच, म्हणून इथे "झालेला" हेच खरं. एका बाणाच्या खुणेसाठी "फॉरवर्ड केलेला", कारण तो समोरच्याच माणसाने केलाय. दोन बाणांसाठी "अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज". "मेसेज" हा शब्द जोडला की फोटो असो वा लिंक, लिंगाचा प्रश्न मिटतो. जागा पुरत नसेल तर तो शब्द शेवटी गाळा.

"अनेक हातांतून आलेला" हाही पर्याय मनात घोळला. साखळीचं चित्र तो याहून चांगलं उभं करतो आणि तिघांनाही तो लगेच कळला. तरी खुणेत नको म्हणालो, कारण अ‍ॅप टप्पे मोजतं, माणसं मोजत नाही. मदतीच्या पानावर समजावून सांगताना तो जरूर वापरा. "व्हायरल", "अफवा" किंवा "खात्री करा" असे शब्द घालू नका. खूण मेसेजच्या खरेपणाबद्दल काही जाणत नाही. दोन बाणांचा मेसेज खरा असू शकतो.

याच्याच जोडीला मर्यादेची सूचना असते. एप्रिल 2020 पासून व्हॉट्सॲपवर असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये फॉरवर्ड करता येतो. "हा मेसेज एकदाच फॉरवर्ड करता येईल" असं लिहिलं की नियमच बदलला, कारण दुसऱ्या चॅटमध्ये तो पुन्हा पाठवता येतो. "एका वेळी एकाच चॅटमध्ये" हे चारही शब्द लागतात.

कुलपाची पट्टी

इथे सावकाश चला. इंग्रजी पट्टीत साधारण दोन वाक्यं असतात: मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, आणि ते कोणाला वाचता-ऐकता येतात. व्हॉट्सॲपवर ही पट्टी एप्रिल 2016 पासून सगळ्यांना दिसू लागली.

मला वाटलं होतं, अवघड शब्द टाळून "या चॅटमधले मेसेज सुरक्षित आहेत" लिहावं. मावशींनी अर्थ लावला: "म्हणजे जपून ठेवलेत. फोन हरवला तरी परत मिळतील." दुकानदारांनी लावला: "म्हणजे हा नंबर फसवणाऱ्याचा नाही, माल उधार द्यायला हरकत नाही." दोघांची मराठी चुकली नव्हती. "सुरक्षित" या शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत आणि एन्क्रिप्शन त्यातलं काहीच देत नाही. वाटेत कोणाला मेसेज वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. समोरचा भामटा असेल तर त्याच्याशी होणारं बोलणंही तितकंच एन्क्रिप्टेड असतं. फोन उघडा सापडला किंवा समोरच्याने स्क्रीनशॉट काढला, तर ही पट्टी काही करू शकत नाही.

"कूटबद्ध" तिघांपैकी कोणालाच कळलं नाही. "कुलूपबंद" कळलं, पण काही अ‍ॅपमध्ये चॅटला कुलूप लावायची वेगळी सोय असते आणि मग लोक ते कुलूप कसं उघडायचं ते शोधत बसतात. शेवटी मी "एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड" हेच ठेवलं. कळत नाही, पण ते नाव आहे. त्या नावाने शोधलं की माहिती सापडते, आणि ते खोटं आश्वासन देत नाही. समजावण्याचं काम दुसऱ्या वाक्याने करायचं:

"मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. या चॅटमधल्या लोकांनाच ते वाचता, ऐकता आणि शेअर करता येतात."

"च" कुठे लागलाय ते पाहा. "लोकांना ते फक्त वाचता येतात" असं झालं तर लोकांना उत्तर देता येत नाही असा अर्थ निघतो. "तुम्ही दोघेच" असं लिहू नका, हीच पट्टी ग्रुपमध्येही दिसते. आणि "शेअर करता येतात" हे गाळू नका. चॅटमधला माणूस तुमचा मेसेज बाहेर पाठवू शकतो ही कबुली त्या तीन शब्दांत आहे.

दुसऱ्या अ‍ॅपची पट्टी उचलून आपल्या अ‍ॅपला लावण्याआधी ते अ‍ॅप खरंच तसं चालतं का ते पाहा. टेलिग्रामच्या साध्या चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, फक्त तिथल्या गुप्त चॅट असतात. पट्टी कुठे दिसते हे कोड ठरवतो, पण वाक्य आपण लिहितो.

पट्टीची एक धाकटी बहीण आहे, सुरक्षा कोड बदलल्याची सूचना. इंग्रजीत ती `Your security code with %1$s changed` अशी असते. शब्दामागे शब्द लावून "तुमचा सुरक्षा कोड बदलला" असं सुरू केलं की वाचणाऱ्याला वाटतं आपला पासवर्ड किंवा ओटीपी कोणीतरी बदलला. दुकानदार तर बँकेत जायला निघाले होते. खरं म्हणजे समोरच्या माणसाने बहुतेक वेळा फोन बदललेला असतो किंवा अ‍ॅप नव्याने टाकलेलं असतं, आणि त्या दोघांमधला 60 अंकी पडताळणीचा आकडा त्यामुळे बदलतो. म्हणून नाव पुढे आणा: "%1$s यांच्यासोबतच्या चॅटचा सुरक्षा कोड बदलला आहे." इथे "बदलला" हे "झाला"च्या जातीचं क्रियापद आहे आणि ते बरोबर आहे, कोणी मुद्दाम कोड बदलत नाही. पण "काळजी करू नका" असं पुढे जोडू नका. क्वचित कोणीतरी मध्ये शिरल्यामुळेही हा कोड बदलू शकतो, आणि पडताळून पाहायची संधी देण्यासाठीच तर ती सूचना आहे.

फोनवर पाहणं आणि माणसांना विचारणं

भाषांतर भरलं की चाचणीची आवृत्ती एखाद्या छोट्या, स्वस्त फोनवर चढवा आणि अक्षरांचा आकार सर्वात मोठा करा. "फॉरवर्ड" या शब्दात वर ॉ आणि रफार दोन्ही आहेत. बारीक खुणेत त्यांचं डोकं कापलं जातं का ते पाहा. कापलं जात असेल तर तो दोष मांडणीचा, त्याचं चित्र काढून अ‍ॅप बनवणाऱ्यांना पाठवा, शब्द बदलू नका. नावाच्या जागी तीन नावं घालून पाहा: एक मराठी, एक इंग्रजी लिपीतलं, एक नुसता नंबर.

मग माणसांना दाखवा. "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. फोन हातात द्या आणि विचारा, "काय झालंय? कोणी केलं? आता तुम्ही काय कराल?" मावशींचं नणंदेबद्दलचं वाक्य आणि दुकानदारांची उधारी, दोन्ही या प्रश्नांतूनच बाहेर आली.

प्रत्येक ओळीपाशी भाषांतराच्या टिपेत एक-दोन वाक्यं लिहून ठेवा, कारण या सूचनांचं मूळ इंग्रजी बदलत राहतं आणि पुढच्या वेळी ते दुरुस्त करणारे कदाचित तुम्ही नसाल. माझ्या दोन बाणांच्या ओळीची टीप अशी आहे: "झालेला ठेवा, केलेला नको. केलेला वाचून लोक समोरच्या माणसाला दोष देतात. पाच हा आकडा घालू नये, तो अ‍ॅपनुसार बदलू शकतो."